वडिलांनी कर्ता म्हणून जमीन विकली, मुलांना काय मागता येतं आणि कधीपर्यंत

प्रश्न: 1988 ला आजोबा, वडील आणि काका यांची वाटणी झाली, वडिलांना 4 एकर आली. त्यातली अडीच एकर वडिलांनी जून 2016 मध्ये 18 लाखाला विकली, ताबाही तेव्हाच दिला. मी तेव्हा 15 चा, बहीण 12 ची. आई 2015 ला आजारपणात वारली, तिचं कर्ज होतं, सोसायटीचंही होतं, पण उरलेले पैसे वडिलांनी मित्राच्या हॉटेलात घातले आणि बुडाले. वडील म्हणतात मी कर्ता आहे, एकत्र कुटुंबाचा कारभार मीच बघतो, मला कुणाला विचारायची गरज नव्हती. आता राहिलेली दीड एकरही विकायला निघालेत. जुनं खरेदीखत रद्द होईल का? आणि या दीड एकरवर स्टे मिळेल का?

उत्तर:

थोडक्यात सांगतो. जुना व्यवहार सगळा उडेल अशी आशा ठेवू नका, पण तुमच्या आणि बहिणीच्या हिश्श्यापुरता तो बंधनकारक नाही असं मागायला तुम्हाला चांगली जागा आहे आणि मुदतही अजून आहे. राहिलेल्या दीड एकरचं मात्र जास्त अर्जंट आहे, तिथे नुसत्या स्टेच्या अर्जाने काम होणार नाही, वाटपाचा दावाच टाकावा लागेल.

सगळ्यात आधी जमीन कुठल्या प्रकारची ते बघा, कारण निम्म्या केसेस इथेच संपतात. लोक "वडिलोपार्जित" हा शब्द आजोबांकडून आलेल्या सगळ्याच जमिनीला लावतात आणि तसं नसतं. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन 1956 नंतर आजोबा वारल्यावर वारसाने वडिलांच्या नावावर आली असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे ती वडिलांची स्वतःची धरतात, त्यात मुलांना जन्माने हक्क येत नाही, आणि मग वडिलांनी विकली काय किंवा दान केली काय, मुलांना बोलता येत नाही. तुमच्याकडे वाटणीतून आलेली आहे आणि तुमची केस उभी राहते ती याच्यावरच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची वाटणी होऊन जो तुकडा वडिलांच्या वाट्याला येतो तो काकांच्या बाजूने बघितला तर वेगळा झाला, पण वडिलांच्या स्वतःच्या मुलांच्या बाजूने तो एकत्र कुटुंबाचाच राहतो. म्हणून 1988 चं वाटणीपत्र किंवा तहसीलदारांचा जमीन महसूल संहितेच्या कलम 85 चा आदेश, आणि त्यावरून पडलेला फेरफार हे कागद पहिले काढा. शिवाय वाटणीच्या आधी ती जमीन आजोबांकडे कशी आली हेही जुन्या सातबारा आणि फेरफारांवरून दिसलं पाहिजे, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की आजोबांनी ही जमीन स्वतः घेतली होती का, आणि मग ती वाटणी होती की आजोबांनी मुलांना केलेली देणगी होती.

आता वडिलांचं म्हणणं. "मी कर्ता आहे, मला कुणाला विचारायची गरज नव्हती" हे अर्धं बरोबर आहे. कर्त्याला विकायला बाकीच्यांची सही लागत नाही हे खरं. मुलं अज्ञान म्हणजे 18 च्या आतली असतील तर त्यांच्या अविभक्त हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगीही लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच स्पष्ट केलंय. पण हा अधिकार मोकळा नाही, त्याला कारण लागतं. 1856 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, हनुमानप्रसाद पांडेच्या केसमध्ये जे सांगितलं तेच आजही चालतं, की मॅनेजरचा अधिकार मर्यादित आहे आणि तो कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा मिळकतीच्या फायद्यासाठीच वापरता येतो. गरज म्हणजे काय तर आजारपण, मुलीचं लग्न, शिक्षण, सरकारी देणं, कुटुंबासाठी घेतलेलं कर्ज, जमीन वाचवायचा कोर्टखर्च असलं सगळं. लग्नासाठी घेतलेलं कर्ज फेडायला लग्नानंतर काही वर्षांनी जमीन विकली तरी ती गरजच, असं 2025 मध्ये कर्नाटकातल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मानलंय. म्हणजे खर्च आधी झाला आणि विक्री नंतर झाली एवढ्यावरून गरज नव्हती असं म्हणता येत नाही. तुमच्या आईचं आजारपण 2015 चं आणि विक्री 2016 ची, हा मुद्दा घेऊन वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मिळकतीचा फायदा हे दुसरं कारण, आणि हॉटेल तिथे बसवायचा प्रयत्न होणार. खरेदीदार म्हणेल की वडिलांनी कुटुंबाचं उत्पन्न वाढावं म्हणून धंद्यात पैसा घातला, तो बुडाला यात माझा काय दोष. बालमुकुंद विरुद्ध कमलावती या 1964 च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने कसोटी अशी लावली की शहाणा माणूस त्या वेळी, त्याच्या हातात असलेल्या माहितीवर, असा व्यवहार करेल का. शेतीवर जगणाऱ्या घराने बागायत जमीन विकून दुसऱ्याच्या नावावर असलेल्या हॉटेलात, लेखी भागीदारी नसताना, पैसे द्यायचे हे त्या कसोटीत बसणं मला तरी अवघड वाटतं. घराने आधी कधी केलेलाच नाही असा नवा आणि जोखमीचा धंदा कर्त्याने कुटुंबाच्या जिवावर सुरू करणं याला कोर्टं पूर्वीपासून नाखूष आहेत, आणि त्यातून अज्ञान मुलं असतील तर जास्तच.

आता तुमचे आकडे घेऊन बसू. तुम्ही सोसायटीचा आणि हॉस्पिटलचा नक्की आकडा दिलेला नाही, म्हणून समजा सोसायटीचं पीककर्ज आणि पाइपलाइनचं कर्ज मिळून 5 लाख 40 हजार होतं, आईच्या आजारपणाची उधारी 3 लाख 10 हजार. एकूण साडेआठ लाख. विक्री 18 लाखाची. म्हणजे साडेनऊ लाख हॉटेलात गेले. पक्षकार इथे वजाबाकी करून मोकळे होतात, की निम्म्याहून जास्त पैसे गरजेचे नव्हते म्हणजे व्यवहार रद्द. कोर्ट असं चालत नाही. कोर्ट आधी विचारतं की ही विक्री करायचीच गरज होती का. 1927 मध्ये कृष्णदास विरुद्ध नथुराम या केसमध्ये साडेतीन हजाराची विक्री होती आणि तीन हजाराची गरज सिद्ध झाली, उरलेल्या पाचशेचा हिशोब लागला नाही, तरी प्रिव्ही कौन्सिलने विक्री कायम ठेवली. कारण व्यवहारात कुणी बरोबर मोजून तेवढ्याच पैशाचा तुकडा विकत नाही, आणि खरेदीदार पैसे दिल्यावर विकणाऱ्याच्या मागे हिंडून ते कुठे खर्च केले हे बघायला बांधलेला नाही. गरज खरी होती आणि थोडी रक्कम इकडेतिकडे झाली तर विक्री टिकते.

तुमच्याकडे पाचशे रुपयांसारखी किरकोळ रक्कम नाही, निम्म्याहून जास्त आहे, म्हणून प्रश्न वेगळा होतो. साडेआठ लाखाच्या गरजेला अडीच एकर का विकली? 18 लाखाला अडीच एकर म्हणजे एकरी 7 लाख 20 हजार. सव्वा एकरच्या आसपास विकली असती तर कर्ज फिटून वर थोडे उरले असते. मग खरेदीदाराने अडीच एकरच का मागितली, की वडिलांनीच दिली, की सलग एकच गट होता आणि तो फोडून विकता येत नव्हता, रस्ता एकाच बाजूने होता, विहीर एकच होती? उलटतपासात हे सगळं निघतं आणि निकाल बऱ्याचदा यावरच फिरतो. सलग गट असल्यामुळे अर्धा कुणी घेतच नव्हतं असं खरेदीदाराने दाखवलं तर त्याची बाजू बरीच मजबूत होईल. दोन वेगवेगळे गट नंबर होते आणि दोन्ही एकाच खरेदीखताने दिले असतील तर तुमची.

हे सगळं सिद्ध कुणी करायचं? गरज होती हे सिद्ध करायची जबाबदारी खरेदीदारावर असते, तुमच्यावर नाही, आणि हा तुमचा मोठा फायदा आहे. त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक तर खरोखर गरज होती हे दाखवायचं, किंवा त्याने प्रामाणिकपणे चौकशी केली आणि गरज आहे असं त्याला खरंच वाटलं हे दाखवायचं. दुसरा रस्ता लोक विसरतात. गरज प्रत्यक्षात कमी असली तरी त्याने नीट चौकशी केली असेल, सातबाराच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा बघितला, सोसायटीत जाऊन बाकीचा दाखला घेतला, हॉस्पिटलची बिलं बघितली, तर त्याला संरक्षण मिळतं. म्हणून तुमच्या वकिलाने खरेदीदाराला विचारायचे प्रश्न याच्याभोवतीच असले पाहिजेत. तुम्ही सोसायटीत गेला होता का, कुणाला भेटलात, बाकी किती सांगितली, ती बाकी साडेपाच लाखाच्या आत असताना 18 लाख कशाला हवेत असं विचारलं का, घरात दोन लहान मुलं आहेत हे माहीत होतं का. गावातलाच खरेदीदार असेल तर "मला काही माहीत नव्हतं" असं त्याला म्हणताच येत नाही, आणि सगळं माहीत होतं म्हणाला तर हॉटेलचंही माहीत होतं का हा पुढचा प्रश्न येतो.

खरेदीखतात "कुटुंबाच्या गरजेसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी व कर्ज फेडण्यासाठी" असं वाक्य असणारच, बॉन्डरायटर ते प्रत्येक खतात घालतो. एकट्या त्या वाक्याने गरज सिद्ध होत नाही. पण खत फार जुनं असेल, साक्षीदार वारलेले असतील, तर त्या वाक्याला वजन येतं. 2016 चं खत तसं जुनं नाही, बँकेच्या नोंदी अजून मिळतात. म्हणून वडिलांच्या खात्याचा उतारा काढा, खरेदीचा चेक किंवा आरटीजीएस कधी जमा झाला, त्यानंतर सोसायटीला किती गेले, हॉटेलवाल्या मित्राला किती आणि कधी गेले. तारखा फार बोलतात. विक्रीच्या आधीच मित्राशी व्यवहार ठरला होता आणि पैसे जमा झाल्यावर आठवड्याभरात त्याच्या खात्यात गेले असं दिसलं तर विक्री कशासाठी झाली हे कोर्टाला वेगळं सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. वडील कोर्टात येऊन "हो, गरज नव्हती, मी चुकलो" म्हणाले की जिंकलो असं समजू नका, उलट त्याने नुकसान होतं. मुलगा आणि बाप एकाच घरात राहतात, जमिनीचा भाव वाढलाय, आणि आता बापच मुलाच्या बाजूने बोलतोय, म्हणजे हा दावा बापानेच मुलांना पुढे करून लावलाय असा युक्तिवाद दुसऱ्या दिवशी येतो आणि कोर्टाला तो पटतोही. वडिलांना प्रतिवादी करा, त्यांचं म्हणणं त्यांना मांडू द्या, पण तुमची केस कागदांवर उभी करा.

आता व्यवहार बंधनकारक नाही असं ठरलं तर पुढे काय होतं बघू, कारण महाराष्ट्रातला कायदा इतर काही राज्यांपेक्षा वेगळा आहे आणि इंटरनेटवर वाचलेले उत्तरेकडचे निकाल इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिकडे काही भागात सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय विकताच येत नाही, म्हणून विनागरजेची विक्री पूर्ण उडते. हिंदू कायद्याच्या मुंबई शाखेत, म्हणजे आपल्याकडे, मात्र सहहिस्सेदाराला स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो. त्यामुळे वडिलांची विक्री गरजेची नव्हती असं ठरलं तरी वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरती ती टिकते, तुमच्या आणि बहिणीच्या हिश्श्यावर टिकत नाही.

तुमची 4 एकर म्हणजे 160 गुंठे. हिस्सेदार तिघे, वडील, तुम्ही आणि बहीण. बहिणीचा हक्क धरायचाच, 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्माने सहहिस्सेदार आहे आणि सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर त्यावर शंका राहिलेली नाही, तुमची विक्री तर 2016 ची आहे. म्हणजे प्रत्येकी 53 गुंठे आणि थोडं वर. विकली 100 गुंठे, शिल्लक 60. सगळ्या जमिनीची वाटणी करताना कोर्ट शक्यतो असं बघतं की वडिलांचा हिस्सा विकलेल्या जमिनीतच पडावा, म्हणजे खरेदीदाराचं कमीत कमी नुकसान होईल. असं झालं तर खरेदीदाराकडे 100 पैकी 53 गुंठे राहतील, जवळपास 47 गुंठे परत येतील, आणि ते 47 अधिक शिल्लकचे 60 मिळून तुम्हा दोघांचे 107 गुंठे पूर्ण होतील. हा हिशोब सगळी जमीन एकाच प्रतीची धरून केलाय, बागायत आणि जिरायत मिसळलेली असेल तर किमतीवर जातं, आणि वडिलांचं राहतं घर वाटपात आलं की आकडे अजून हलतात.

पण साडेआठ लाखाचं काय? ती गरज खरी होती, तुमच्या आईसाठीच खर्च झाली आणि तुमच्याच जमिनीवरचा बोजा उतरला. गरज काही भागापुरतीच सिद्ध झाली आणि विक्री टिकण्याइतकी ती मोठी नाही असं ठरलं, तर सिद्ध झालेली रक्कम खरेदीदाराला देण्याच्या अटीवर दिलासा द्यायचा ही जुनी पद्धत आहे. म्हणजे जमिनीचा भाग परत घ्यायचा तर तुम्हा दोघांना त्या साडेआठ लाखातला तुमचा वाटा भरायची तयारी ठेवावी लागेल. मी तर म्हणेन दाव्यातच लिहून टाका की कुटुंबासाठी जेवढे खरंच खर्च झाले तेवढ्याचा आमचा वाटा द्यायला आम्ही तयार आहोत. असं लिहिणाऱ्या वादीकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं, आणि तडजोडीचं दारही तिथूनच उघडतं, कारण खरेदीदारालाही 47 गुंठे जाण्यापेक्षा आजच्या भावाने काही रक्कम देऊन विषय मिटवणं परवडू शकतं.

मुदत. बापाने विकलेली एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर मुदत कायद्याचा अनुच्छेद 109 लागतो, खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून 12 वर्षं. ताबा जून 2016, म्हणजे जून 2028. अज्ञान असताना विक्री झाली म्हणून सज्ञान झाल्यावर 3 वर्षं मिळतात, पण तुमच्या बाबतीत ती 12 वर्षांच्या आतच संपली, म्हणून त्याचा वेगळा फायदा नाही. 12 वर्षंच धरून चला, आणि नेमकी ताब्याची तारीख खरेदीखतात बघा. खताच्या आधी साठेखत झालं होतं आणि ताबा तेव्हाच दिला होता असं कित्येकदा निघतं, मग तारीख मागे सरकते.

यात एक खाच आहे. खरेदीखतात वडिलांनी "स्वतःकरिता व अज्ञान मुलांचे पालक म्हणून" अशी सही केली असेल तर समोरचा म्हणणार की हा पालकाने केलेला व्यवहार आहे, अनुच्छेद 60 लागतो, तिथे सज्ञान झाल्यापासून फक्त 3 वर्षं, आणि मग तुमची 2022 ला संपली, बहिणीची 2025 ला. यावर उत्तर असं की एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला नैसर्गिक पालकाचा अधिकार लागूच होत नाही, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्येच तो वगळलाय, त्यामुळे वडिलांनी विकलं ते कर्ता म्हणूनच, पालक म्हणून घातलेली ओळ जास्तीची आहे. हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो, पण वाद होणार हे धरून दाव्यात पहिल्यापासून कर्ता हीच भाषा वापरा. "वडिलांनी पालक या नात्याने केलेले खरेदीखत" असं चुकूनही लिहू नका, पुढे तेच वाक्य तुम्हाला वाचून दाखवलं जाईल.

आणि तुम्ही सज्ञान झाल्यावर कशावर सही केलीय का ते आठवा. चूकदुरुस्ती लेख, संमतीपत्र, पाइपलाइन नेण्याची परवानगी, हद्दीच्या मोजणीचा जबाब. सज्ञान झाल्यावर व्यवहार मान्य केल्याचं दाखवणारा एक कागद निघाला तरी केस अवघड होते, कारण अशी विक्री मुळात रद्द करण्याजोगी असते, आपोआप रद्द नसते, आणि ज्याला रद्द मागायचा अधिकार आहे त्याने ती स्वीकारली की विषय संपतो. दान केलं असतं तर गोष्ट वेगळी होती, प्रेमापोटी एकत्र कुटुंबाची जमीन दान करायचा अधिकार कर्त्याला नाही हे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलंय, तिथे गरज होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही.

आता दीड एकर, आणि हे वाचून झाल्यावर पहिलं काम हेच करा. "वडील विकणार आहेत, त्यांना मनाई करा" एवढाच दावा टाकला तर टिकणार नाही. सुनीलकुमार विरुद्ध रामप्रकाश या 1988 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कर्त्याने विकण्याआधीच सहहिस्सेदाराला मनाई हुकूम मागता येत नाही, आधी विक्री होऊ द्या, मग गरज नव्हती म्हणून आव्हान द्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण कर्त्याला प्रत्येक व्यवहाराआधी कोर्टात खेचलं तर त्याला घर चालवताच येणार नाही असा त्यामागचा विचार आहे. त्याच निकालात मोकळा रस्ताही आहे, ज्याला कर्त्याचा कारभार मान्य नाही त्याने वाटप मागावं. तुम्ही आणि बहीण दोघेही सज्ञान आहात, वेगळं व्हायचं हे स्पष्ट शब्दात वडिलांना कळवलं की कुटुंबाचा एकत्रपणा तुटतो, आणि एकत्रपणा तुटला की कर्ता म्हणून तुमच्या हिश्श्याला हात लावायचा त्यांचा अधिकारही संपतो. मग ते फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतात, आणि तुमच्या हिशोबात त्यांचा हिस्सा तर आधीच विकून झालाय.

म्हणून आधी वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस, आम्हाला एकत्र राहायचं नाही, आमचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा वेगळा करून द्या. पोचपावती जपून ठेवा. घेणारा कोण आहे हे माहीत असेल तर त्यालाही नोटिशीची प्रत पाठवा, म्हणजे उद्या तो "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही. वडील खताची तारीख घेऊन बसले असतील तर नोटिशीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, लगेच दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि त्यातच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. वाटपाच्या दाव्यात हा अर्ज मिळायची शक्यता चांगली असते.

दावा दाखल झाल्यावर थांबू नका. दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 मध्ये मुंबईची दुरुस्ती आहे, इथे दावा चालू असल्याची नोटीस सब रजिस्ट्रारकडे रजिस्टर केल्याशिवाय ते संरक्षण मिळत नाही. लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात ती हीच. दाव्याचा नंबर पडला की लगेच ती रजिस्टर करून घ्या, दोन्ही तुकड्यांसाठी, म्हणजे 2016 चा खरेदीदारही दावा चालू असताना पुढे तिसऱ्याला विकून तुम्हाला गुंतवणार नाही. तलाठ्याकडे फेरफाराला हरकत द्यायची तर द्या, पण तिथे मालकीचा निकाल होत नसतो, आणि हरकतीच्या अपिलात वर्षं घालवून दिवाणी मुदत चुकवलेले लोक खूप आहेत.

दोन वेगळे दावे टाकू नका, एकाच दाव्यात सगळं घ्या. विकलेली अडीच एकर, शिल्लक दीड एकर, राहतं घर, जी काही एकत्र कुटुंबाची मिळकत आहे ती सगळी वाटपात आली पाहिजे, फक्त विकलेल्या तुकड्याचं वाटप मागितलं तर अर्धवट वाटपाचा दावा म्हणून आक्षेप येतो. वडील आणि 2016 चा खरेदीदार दोघेही प्रतिवादी, खरेदीदाराने पुढे कुणाला विकलं असेल तर तोही. बहीण तुमच्याबरोबर वादी व्हायला तयार नसेल तर तिला प्रतिवादी करा, पण सोडू नका. मागणी अशी ठेवा की 2016 चं खरेदीखत आमच्या दोन तृतीयांश हिश्श्यावर बंधनकारक नाही असं जाहीर व्हावं, आणि आमचा हिस्सा सरसनिरस मानाने वाटून ताबा मिळावा. तुम्ही त्या खतावर सही करणारे नाही, म्हणून खत रद्द करून मागण्यापेक्षा ते आमच्यावर बंधनकारक नाही ही मागणी योग्य, कोर्ट फीच्या दृष्टीनेही. वडिलांनी तुमच्या नावाने पालक म्हणून सही केलेली निघाली तर मात्र वकिलाला खत दाखवूनच मागणीचे शब्द ठरवा. डिक्री झाल्यावर शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी कोर्ट करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे ती कलेक्टरकडे जाते आणि मोजणी होऊन ताबा मिळतो, त्याला वेळ लागतो तो धरून चला.

आज उद्याकडे सब रजिस्ट्रार ऑफिसमधून 2016 च्या खताची सही शिक्क्याची नक्कल काढून घ्या. सही कशी आहे, ताब्याची तारीख काय, किती गट नंबर आहेत आणि मोबदला कसा दिला हे त्यातून कळेल, आणि हे कळल्याशिवाय नोटिशीचा मसुदा करू नये.